आधी तुम्ही खरेदी करा, मग आम्ही कोलॅब करू

मालवणी बोलीत घरगुती प्रसंग रंगवणारी, दशावताराच्या रंगपटातली तयारी दाखवणारी, गुहागर-दापोलीकडच्या घरगुती खाणावळींची ओळख करून देणारी तरुण मुले-मुली आता कोकणात गावोगाव आहेत. यांपैकी बहुतेकांचे फॉलोअर दोन ते दहा हजारांच्या घरात असतात, आणि नेमक्या याच टप्प्यावर त्यांच्या खात्यावर एक विशिष्ट प्रकारचा संदेश येऊ लागतो. तुमचे व्हिडिओ आम्हाला आवडले, तुम्ही आमच्या ब्रँडसाठी योग्य चेहरा आहात, फक्त आधी आमची एक वस्तू विकत घ्या, किंवा नोंदणीची एवढी रक्कम भरा. या संदेशांविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते ‘फसवणुकीपासून सावध राहा’ एवढ्यावर संपते. माझे म्हणणे वेगळे आहे. पैसे घेऊन पसार होणारा भामटा हा या व्यवहाराचा शेवटचा आणि सर्वांत उघड प्रकार आहे. त्याच्या अलीकडे दोन प्रकार असे आहेत की ज्यांत वस्तू खरोखर मिळते, कधी पैसेही परत येतात, आणि म्हणून त्यांना कोणी फसवणूक म्हणत नाही. निर्मात्याने आधी आपला पैसा घालायचा असतो ही सवय हेच दोन प्रकार लावतात. ते चालू द्यायचे आणि तिसऱ्याबद्दल तेवढी ओरड करायची, याला अर्थ नाही.

पहिला प्रकार नीट उलगडून पाहू. पुढचे उदाहरण कोणा एका मुलीचे नाही. अशा संदेशांचा जो ठरलेला क्रम असतो तो एका नमुन्यातून दाखवला आहे, आणि आकडे हिशेब कळावा म्हणून धरले आहेत.

कुडाळ तालुक्यातल्या एका गावातली वीस वर्षांची मुलगी. साडी, पारंपरिक दागिने आणि सणावाराचे पदार्थ असे तिचे व्हिडिओ, आणि साडेतीन हजार फॉलोअर. तिच्या एका रीलखाली कोणा अनोळखी खात्याची टिप्पणी येते की आमच्या मुख्य पानाला संदेश पाठव, आम्हाला तुझ्याबरोबर काम करायचे आहे. ती संदेश पाठवते. मिनिटाभरात भले मोठे उत्तर येते. त्यात तिच्या कामाचे कौतुक असते, पण तिच्या एकाही व्हिडिओचा उल्लेख नसतो. तेच उत्तर जसेच्या तसे शेकडो जणींना गेलेले असते, त्यामुळे तसा उल्लेख करणे शक्यच नसते. तिची ‘ब्रँड अँबॅसडर’ म्हणून निवड झाली आहे, तिला तिच्या नावाचा खास कोड मिळेल, त्या कोडवर तिला अर्ध्या किमतीत दागिन्यांचा संच घेता येईल, आणि पुढे तिच्या कोडवरून जी विक्री होईल तिच्यावर दहा टक्के कमिशन मिळेल, असे त्यात लिहिलेले असते. कोडची मुदत चोवीस तासांची असते.

संकेतस्थळावर त्या संचाची किंमत १,७९९ रुपये आहे. अर्ध्या किमतीत तो ८९९ ला पडतो आणि कुरिअरचे १५० धरून १,०४९ रुपये होतात. दिसायला तसाच संच घाऊक बाजारात तीनशेच्या आसपास मिळत असेल, तर विकणाऱ्याने या एका ‘निवडी’त आपला सगळा नफा काढून घेतलेला असतो. १,७९९ ही किंमत कोणी खरोखर मोजावी म्हणून लिहिलेलीच नसते. मुलगी संच घालून सुंदर रील करते, त्यासाठी दोन दिवस घालवते, आणि आपला कोड देते. तिच्या फॉलोअरना वीस टक्के सवलत असल्याने त्यांना संच १,४३९ ला मिळणार असतो. त्यावर तिचे कमिशन १४४ रुपये. पण कमिशनची शिल्लक दोन हजारांवर गेल्याशिवाय ती काढता येत नाही, ही अट अटींच्या पानावर खाली कुठेतरी असते. म्हणजे तिला किमान चौदा संच विकावे लागतील. साडेतीन हजारांतले बरेचसे फॉलोअर गावचे, नात्यातले, कॉलेजातले. त्यांतल्या तिघींनी तिच्या शब्दावर संच घेतला तरी पुष्कळ. तिच्या नावावर ४३२ रुपये जमतात आणि तिथेच पडून राहतात.

आता या व्यवहारात कोणाला काय मिळाले ते पाहावे. विकणाऱ्याला चार गिऱ्हाइके मिळाली, एक जाहिरात फुकट मिळाली आणि पुढेही वापरता येईल असा व्हिडिओ मिळाला. मुलीच्या पदरी तीनशेचा संच आला, तोही हजार रुपये मोजून. ती जाहिरातदाराची सहकारी नव्हतीच, ती त्याची गिऱ्हाईक होती, आणि तिच्या मागे तिची ओळखीची माणसे गिऱ्हाईक म्हणून ओढली गेली. यात कोणी पळून गेले नाही. संच वेळेवर घरी आला. म्हणूनच ती कोणाकडे तक्रार करत नाही, उलट आपल्या खात्याच्या माहितीत त्या ब्रँडचे नाव अभिमानाने लिहिते, आणि ते वाचून तिच्या दोन मैत्रिणी त्याच पानाला संदेश पाठवतात.

अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला इंस्टाग्राम कळत नसले तरी व्यवहार अचूक कळतो. ‘तुज्या कामाचे पैसे ते तुका देतले मां, मगे पयले पैसे तूच कित्याक भरतंस?’ असे ती विचारते, तेव्हा तिला ‘तुला यातले काही कळत नाही’ म्हणून गप्प केले जाते. जाहिरातीच्या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे, आणि त्याचे उत्तर या क्षेत्रात कुठेही बदललेले नाही. ज्याला आपला माल लोकांपुढे न्यायचा आहे तो पैसे किंवा वस्तू देतो, आणि ज्याच्याकडे पाहणारी माणसे आहेत तो घेतो.

दुसरा प्रकार जास्त गुंतागुंतीचा आहे, कारण तो खऱ्या ब्रँडच्या आणि खऱ्या एजन्सींच्या नावाने चालतो आणि त्यात परतावा बहुधा मिळतोही. व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्रामच्या गटांत ‘बार्टर मोहिमा’ जाहीर होतात. एखादे फेसवॉश, इअरफोन किंवा प्रोटीनचा डबा मोठ्या ऑनलाइन बाजारातून निर्मात्याने स्वतःच्या पैशांनी मागवायचा, ऑर्डरचा स्क्रीनशॉट एजन्सीच्या माणसाला द्यायचा, वस्तू आली की व्हिडिओ करायचा, त्याच बाजारात पाच तारे देऊन अभिप्राय लिहायचा, त्याचाही स्क्रीनशॉट द्यायचा, आणि मग महिना-दीड महिन्याने वस्तूची किंमत खात्यावर येईल. या कामात मुरलेली मुले सांगतात की यात गैर काही नाही, आम्हाला वस्तू फुकटच पडते. नव्यांना ती असेच शिकवतात.

यात गैर काय ते सांगायला हवे. ब्रँडला निर्मात्याकडे वस्तू पाठवणे अवघड नसते. त्याचे कुरिअर रोज देशभर जाते. तरीही तो ती विकत घ्यायला लावतो, कारण त्याला त्या बाजारात खरी दिसणारी ऑर्डर आणि ‘खरेदी केलेल्या ग्राहकाचा’ म्हणून शिक्का असलेला अभिप्राय हवा असतो. म्हणजे मुलांकडून जे करून घेतले जाते ते पुष्कळदा प्रसिद्धीचे काम नसून अभिप्रायांची बनावट असते. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले, ते याच रोगावर. ते ऐच्छिक आहे, पण मोबदला देऊन लिहवून घेतलेला अभिप्राय ग्राहकाचा स्वतःचा अभिप्राय म्हणून खपवू नये, ही त्यामागची अपेक्षा सरळ आहे.

दुसरी गोष्ट परताव्याच्या वेळेची. बहुतेक वस्तूंना परत करण्याची मुदत सात ते दहा दिवसांची असते. परताव्याचा अर्ज मात्र ही मुदत उलटल्यानंतरच भरायला सांगतात, म्हणजे निर्मात्याने मध्येच वस्तू परत करून बाजाराकडून पैसे काढून घेऊ नयेत. ब्रँडच्या बाजूने ही काळजी समजण्यासारखी आहे. पण तिचा परिणाम असा होतो की मुदत संपताच मुलाच्या हातातला एकमेव उपाय संपतो आणि त्याची रक्कम एका मोबाइल क्रमांकामागच्या माणसाच्या शब्दावर उरते. दरम्यान गटात पुढच्या मोहिमा येतच असतात. पहिली ऑर्डर १,२५० ची, तिचे पैसे यायच्या आत दुसरी २,४०० ची, मग तिसरी ३,८०० ची. रत्नागिरीत खोली घेऊन शिकणाऱ्या मुलाचे ७,४५० रुपये असे अडकून पडतात, आणि ते बहुतेक वेळा मेसचे किंवा फीचे असतात. मोठी कंपनी आपल्या जाहिरातीचे भांडवल एका विद्यार्थ्याकडून बिनव्याजी उसने घेते आणि ते बुडण्याचा धोकाही त्याच्यावरच टाकते. पैसे परत आले तरी हा व्यवहार न्याय्य ठरत नाही. तो निभावला, एवढेच म्हणता येईल.

या दोन प्रकारांतून गेलेल्या मुलाला तिसऱ्या प्रकाराचा संदेश आला तर त्याला त्यात खटकण्यासारखे काही दिसत नाही. आधी पैसे, मग परतावा, हे त्याच्या सवयीचे झालेले असते. भामटेगिरी करणाऱ्यांनी हे ओळखलेले आहे. म्हणून ते पहिली रक्कम लहान ठेवतात आणि कधी ती परतही करतात. मॉडेलिंगच्या नावाने येणाऱ्या प्रस्तावांत हा क्रम स्पष्ट दिसतो. नोंदणीचे ४९९, मग पोर्टफोलिओचे २,००० आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी म्हणून ३६०, मग शूटिंगच्या कपड्यांची ‘परत मिळणारी’ अनामत, मग मानधन खात्यावर सोडण्यासाठी आधी भरायचा टीडीएस. प्रत्येक पायरीवर आधीची रक्कम बुडेल ही भीती पुढची रक्कम भरायला लावते. लहान मुलांच्या कपड्यांच्या जाहिरातीसाठी तुमच्या बाळाची निवड झाली आहे असे सांगून आई-वडिलांना टेलिग्रामवर नेतात आणि तिथे ‘काम’ म्हणून वस्तूंच्या किमती भरायला लावतात. पहिल्या एक-दोन वेळा पैसे वाढवून परत देतात. त्याचीही रीत हीच.

इथे कराविषयी दोन गोष्टी सांगणे भाग आहे, कारण कराचे नाव घेतले की शिकलेली माणसेही बिचकतात. जीएसटी सेवा देणारा आपल्या बिलात लावतो. जाहिरातीच्या कामात सेवा निर्माता देतो, म्हणून कर लागलाच तर तो त्याच्या बिलात ब्रँडकडून यायचा असतो, आणि सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या मुलाला सर्वसाधारणपणे नोंदणीचीच गरज नसते. टीडीएस तर द्यायच्या रकमेतून कापून सरकारजमा करतात. तो आधी मागून घेण्याची सोयच नाही. जुलै २०२२ पासून वस्तुरूपाने मिळणाऱ्या लाभावरही, वर्षाला २० हजारांच्या वर गेल्यास, दहा टक्के करकपातीची तरतूद आहे, आणि महागडा फोन किंवा कॅमेरा भेट मिळाला तर तो कर आधी भरल्याचा पुरावा ब्रँड मागू शकतो. पण तो भरणा स्वतःच्या पॅनवर सरकारी चलनाने होतो. ब्रँडच्या माणसाच्या यूपीआयवर जाणारी रक्कम कर नसते.

आता समोरच्या बाजूने जे म्हटले जाते त्याकडे वळतो. धंद्यात सुरुवातीला पैसे घालावेच लागतात, असे काही जण सांगतात, आणि ते खरेही आहे. ट्रायपॉड, माइक, प्रकाशाची सोय यांवर केलेला खर्च मुलाकडे राहतो आणि उद्या दुसऱ्या कोणाच्याही कामाला येतो. ज्याच्याकडून काम मिळायचे त्यालाच पैसे देणे हा गुंतवणुकीचा प्रकार नाही. मॉडेलिंगमध्ये पोर्टफोलिओला खर्च येतो हेही खरे. पण तो आपण निवडलेल्या छायाचित्रकाराला द्यावा. सावंतवाडी, कणकवली, चिपळूणला लग्नाची आणि लग्नाआधीची छायाचित्रे उत्तम काढणारी माणसे आहेत. त्यांच्याकडून दहा-बारा चांगले फोटो करून घेता येतात. खरी एजन्सी मॉडेलला काम मिळाल्यावर त्याच्या मानधनातून आपला हिस्सा घेते. जी एजन्सी फोटो काढण्याचेच पैसे घेते आणि आमच्याच स्टुडिओत या म्हणते, ती फोटो विकते, कामे मिळवून देत नाही.

खरा प्रस्ताव कसा असतो हे ज्याने एकदा पाहिले त्याला खोटा ओळखायला वेळ लागत नाही, पण आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी तो पाहिलेलाच नसतो. खरा ब्रँड सुरुवातीला पैशांबद्दल बोलतच नाही. तो तुमच्या खात्याची आकडेवारी मागतो: पाहणारे कोणत्या शहरांतले, कोणत्या वयाचे, मागच्या महिन्यात किती जणांपर्यंत व्हिडिओ पोहोचले. देवगडचा हापूस मुंबई-पुण्यात विकणाऱ्याला तुमचे पाहणारे मुंबई-पुण्यात आहेत का, एवढेच जाणून घ्यायचे असते. मग तो सांगतो की एक रील आणि दोन स्टोरी हव्यात, अमुक तारखेला हव्यात, प्रसिद्ध करण्याआधी आम्हाला दाखवा, आणि तो व्हिडिओ आम्ही आमच्या जाहिरातीत इतके महिने वापरू. या शेवटच्या मुद्द्यावर खरे ब्रँड घासाघीस करतात. तो तुमच्याकडून बिल मागतो, पॅन आणि बँकेचा तपशील मागतो, आणि पैसे द्यायला महिना-दोन महिने लावून तुम्हाला जीव नकोसा करतो. उशिरा पैसे देणारा ब्रँड त्रासदायक असला तरी खरा असू शकतो. आधी पैसे मागणारा नसतो. साडेतीन हजार फॉलोअर असलेल्या मुलीची आकडेवारी न विचारता तिला अँबॅसडर करणाऱ्याला तिच्या पाहणाऱ्यांत रस नसून तिच्या खिशात आहे.

निळी खूण, नोंदणीचे प्रमाणपत्र, मुंबईचा पत्ता या तिन्ही गोष्टींवर आपल्याकडे फार विश्वास ठेवला जातो. निळी खूण जून २०२३ पासून भारतात महिन्याची वर्गणी भरून मिळते. उद्यम नोंदणी फुकट आहे आणि स्वतःच्या घोषणेवर होते, त्यामुळे ते प्रमाणपत्र धंदा प्रामाणिक असल्याचा दाखला नाही. जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहावा: पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, आणि नोंदीतले नाव आणि पैसे भरताना यूपीआयच्या पडद्यावर दिसणारे नाव जुळायला हवे. कंपनीचे नाव सांगून पैसे कोणा व्यक्तीच्या खात्यावर जात असतील तर तिथेच थांबावे. पत्त्याच्या बाबतीत कोकणाकडे एक सोय आहे जी इतरांकडे क्वचित असते. आपल्या प्रत्येक घरातले कोणी ना कोणी मुंबईत असते. अंधेरीचा किंवा गोरेगावचा म्हणून दिलेला पत्ता मामा किंवा चुलतभाऊ सुटीच्या दिवशी जाऊन पाहून येऊ शकतो. हे कोणी करत नाही, कारण मुलांनी घरात काही सांगितलेलेच नसते.

आणि ते का सांगितलेले नसते, याचा विचार मोठ्यांनी करायला हवा. ज्या घरात मुलीने व्हिडिओ करणे मुळातच पसंत नाही, तिथे ती फसली तर ‘म्हणून सांगत होतो’ एवढेच तिला ऐकावे लागते आणि फोन काढून घेतला जातो. गाव लहान असतो. तिने ज्या ब्रँडचे नाव मिरवले ते सगळ्यांनी पाहिलेले असते. हजार रुपये गेले हे सांगण्यापेक्षा ते गिळून टाकणे तिला सोपे वाटते, आणि हाच या धंद्याचा खरा आधार आहे. मॉडेलिंगच्या प्रस्तावात मापे आणि विशिष्ट प्रकारचे फोटो मागितले जातात तेव्हा ही शरम फार महागात पडते, कारण मग मागणी पैशांवर थांबत नाही. करार मोडला म्हणून नोटीस पाठवू, अशी धमकीही येते. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार भारतीय करार कायदा, १८७२ नुसार त्याच्यावर बंधनकारकच नसतो, एवढे जरी घरात माहीत असले तरी पुष्कळ रात्री सुखाने जातील.

कायद्याची बाजू पाहिली की मला सर्वांत जास्त खटकते ती एक विषमता. २०२१ मध्ये जाहिरात मानक परिषदेने इन्फ्लुएन्सरसाठी नियम केले. २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे आली. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने मोबदल्याचा उल्लेख कसा करावा ते सांगितले. फुकट मिळालेली वस्तू, सवलत, परतावा, यांतले काहीही मिळाले असेल तर व्हिडिओत ते स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि दिशाभूल झाली तर प्रसिद्धी करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हे नियम योग्यच आहेत. पण या सगळ्यांत इन्फ्लुएन्सर म्हणजे ग्राहकाला फसवू शकणारी व्यक्ती एवढेच चित्र आहे. तिलाच फसवून गिऱ्हाईक केले जाते, तिच्याकडून खोटे अभिप्राय लिहवून घेतले जातात, आणि त्या अभिप्रायाची जबाबदारी मात्र तिच्या नावावर राहते, हे त्यात कुठे दिसत नाही.

तरीही कायद्यात जागा नाही असे नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ग्राहकाला चकवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी अधिसूचित केली. मुदत संपत असल्याचा खोटा घाईगडबडीचा देखावा आणि एक दाखवून दुसरेच गळ्यात मारणे या दोन त्यांत आहेत, आणि ही तत्त्वे विक्रेत्यांना आणि जाहिरातदारांनाही लागू आहेत. कोणाचीही निवड न करता ‘तुमची निवड झाली’ म्हणणारा आणि चोवीस तासांच्या कोडची घाई करणारा विक्रीसंदेश या चौकटीत बसतो, असे माझे मत आहे. विक्रेता म्हणेल की तिने संच धंद्यासाठी घेतला, म्हणून ती ग्राहक नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळलेली आहे खरी, पण स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही, असा खुलासा त्याच व्याख्येखाली आहे. एका संचातून पोट भरण्याचा प्रश्नच नव्हता, ती तर साधी वैयक्तिक खरेदी होती, हाही युक्तिवाद आहेच. शिवाय तक्रार आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, त्यासाठी विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

सरळसरळ पैसे लाटले गेले असतील तर वेळ घालवू नये. १९३० या क्रमांकावर फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर नोंद करावी, ती शक्यतो त्याच तासात, कारण पैसा पुढच्या खात्यांत पांगण्याआधीच तो अडवता येतो. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय पत्ता हाताशी असावा. संभाषण पुसून टाकू नये, आणि समोरच्या खात्याने आपल्याला ब्लॉक करण्याआधी त्याचे स्क्रीनशॉट घ्यावेत. रक्कम ४९९ असली तरी तक्रार करावी, कारण लहान रकमेसाठी कोणी येणार नाही या हिशेबावरच ती लहान ठेवलेली असते.

पण एकेकट्या मुलीने हजार रुपयांसाठी आयोगात जावे अशी अपेक्षा ठेवणे मला प्रामाणिक वाटत नाही. तिची परीक्षा असते, ओरोसला किंवा रत्नागिरीला जाण्याचा खर्च असतो, आणि वर सांगितलेली शरम असते. २०१९ च्या कायद्यात दुसरी एक वाट आहे जी आपल्याकडे फारशी कोणी चोखाळत नाही. ग्राहकांच्या एका मोठ्या गटाच्या हक्कांना बाधा येत असेल तर त्याची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते आणि त्यांना चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे अहवाल पाठवण्याचा अधिकार आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये, ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते आणि ज्यांना हजारो तरुण पाहतात असे आपले नावाजलेले मालवणी निर्माते यांनी हे काम अंगावर घ्यावे. एकाच पानाकडून आलेले तेच ते संदेश, भरलेल्या रकमा, कोडच्या अटींचे पान आणि न मिळालेली कमिशने, असा पुरावा वीस-पंचवीस जणांकडून नावे गुप्त ठेवून गोळा करता येतो. एकीचे १,०४९ रुपये ही तिची चूक म्हणून बाजूला सारता येतात. तोच मजकूर, तीच किंमत आणि तीच चोवीस तासांची मुदत पंचवीस जणींकडून एका फाइलीत आली, तर ती विक्रीची पद्धत आहे हे सिद्ध करायला आणखी काही लागत नाही.